भाचीचं बारसं : नवा पाळणा लिहायचाय, मदत हवी

आत्याबाई_जोशात | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. भावाला मुलगी झाली आहे आणि मी पहिल्यांदा आत्या झाले आहे. बारसं वहिनीच्या माहेरी, कोकणात, येत्या रविवारनंतरच्या रविवारी. बाराव्या दिवशी पावसाने कोणीच पोचू शकलं नाही, म्हणून सव्वा महिन्याने करायचं ठरलं. कानात नाव सांगायचा मान माझा. त्याच्या जोडीला मला बाळासाठी नवा पाळणा लिहायचा आहे. छापील वहीतला गायचा नाही, कारण त्यात बाळ नेहमी अयोध्येत नाहीतर गोकुळात जन्मतं, आणि आमचं बाळ तालुक्याच्या गावी जन्मलंय.

दोन रात्री बसून एवढंच जमलंय :

चंद्रासारखी गोरी गोरी
फुलासारखी कोमल पोरी
आली आमच्या आज घरी
जो बाळा जो जो रे जो

भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "छान आहे, पण ती गोरी नाहीये." आता काय करू?

दिनूचे_बाबा | सोमवार, रात्री ११:०५

अभिनंदन! 'र' किंवा 'त' वरून नाव हवं असेल तर रेवती, राधा, तन्वी, तारा. आमच्याकडे दोनशे नावांची यादी आहे, पाठवू का?

आत्याबाई_जोशात | सोमवार, रात्री ११:१२

दादा, नाव ठरलंय. पाळणा हवाय, म्हणायचा.

दिनूचे_बाबा | सोमवार, रात्री ११:१५

अच्छा. मला वाटलं लाकडी हवाय, तेही विचारणार होतो.

जात्यावरची | मंगळवार, सकाळी ६:२०

आत्याबाई, तुमच्या भावाने एका वाक्यात सगळं सांगून टाकलं. हे कडवं माझ्या नातवालाही चालेल, शेजारच्या मांजरीलाही चालेल. मी आमच्या वाड्यात गेली तीस वर्षं बारशांना पाळणे म्हणते. बायका कुठल्या ओळीला हसतात आणि कुठल्या ओळीला एकमेकींच्या साड्या बघायला लागतात, ते चांगलं कळतं मला. 'फुलासारखी कोमल' आलं की साड्या.

आधी कविता बाजूला ठेवा. त्या रात्री काय झालं ते साध्या बोलीत लिहून काढा. कोण होतं, पाऊस होता का, काय हरवलं, कोण कोणावर चिडलं. घरात बाळाच्या आजूबाजूला कुठली वस्तू आहे तेही लिहा. ओळी आपण मग बघू.

अर्धीओवी | मंगळवार, सकाळी ९:०२

पाळण्यात बारा कडवी असावीच लागतात हं. पहिल्या दिवशी अमुक, दुसऱ्या दिवशी तमुक, असं बाराव्या दिवसापर्यंत. पाचव्या दिवशी पाचवी, सहाव्या दिवशी सटवी येऊन कपाळावर लिहून जाते, बाराव्याला नाव. नाहीतर तो पाळणा होत नाही, नुसतं गाणं होतं.

जात्यावरची | मंगळवार, सकाळी ९:३०

दिवस मोजायचा पाळणा तसा असतो, बरोबर आहे. पण तो पाळण्याचा एक प्रकार झाला. रामाचे, कृष्णाचे, शिवबाचे कितीतरी पाळणे आहेत ज्यांत दिवस मोजलेलेच नाहीत. शिवाय बारा कडवी म्हणेपर्यंत बाळ रडतं, घुगऱ्या गार होतात आणि सहाव्या कडव्यानंतर फक्त म्हणणारीचाच आवाज उरतो. पाच-सहा पुरेत.

आत्याबाई_जोशात | मंगळवार, दुपारी १:४५

मावशी, तुम्ही सांगितलंत तसं लिहिलंय. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बसून लिहिलं, चुका असतील.

रात्री अकराला कळा सुरू झाल्या. धो धो पाऊस. लाइट गेलेली. घरासमोरच्या रस्त्याचा ओढा झाला होता, गाडी निघेना. शेवटी गल्लीतला एक रिक्षावाला पाण्यातून रिक्षा घालायला तयार झाला. दवाखान्यात जनरेटर चालू होईना, म्हणून बाळ आलं तेव्हा सिस्टरच्या मोबाइलचा उजेड होता. आजोबा (वहिनीचे वडील) बाहेर बाकावर. ते बारा महिने मफलर गुंडाळतात, मे महिन्यातसुद्धा. टाहो ऐकला आणि मफलर तोंडावर धरून रडले. भाऊ पुण्याहून सकाळी पोचला. निघताना फोनवर म्हणत होता, "मी सगळं वाचलंय, मला सगळं येतं." आता त्याला लंगोट बदलायला अर्धा तास लागतो.

बाळ पणजीच्या जुन्या नऊवारीच्या गोधडीवर झोपते. कितीही गुंडाळा, उजवा पाय बाहेर. दोन्ही आज्या रोज भांडतात : नाक कोणाचं, डोळे कोणाचे. आणि सगळे म्हणतात की रडते मात्र माझ्यासारखी.

जात्यावरची | मंगळवार, दुपारी २:१०

अगं बाई, पाळणा झाला की तुमचा. फक्त तालात बसवायचा राहिलाय.

आत्याबाई_जोशात | मंगळवार, रात्री ९:५०

बसवायला बसले आणि अडकले :

वीज गेली आणि मुसळधार पाऊस सुरू झाला
समोरच्या रस्त्याचा पाहता पाहता ओढा झाला
देवासारखा एक रिक्षावाला धावून आला

नुसतं वाचायला बरं वाटतं. म्हणायला गेले की जीभ अडखळते आणि 'जो बाळा' येईपर्यंत दम संपतो.

लगक्रम | मंगळवार, रात्री १०:३०

निवृत्त मराठी शिक्षक आहे, त्यामुळे मोजल्याशिवाय राहवत नाही. माफ करा.

पाळण्याची चाल ओळीला चार टाळ्यांची आहे. प्रत्येक टाळीत चार मात्रा, म्हणजे ओळीत सोळा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. पुढच्या जोडाक्षराचा आघात आला तर आधीचं ऱ्हस्वही दोनाचं होतं, जसं 'रस्ता'मधला 'र'. छंदशास्त्रात याला पादाकुलक म्हणतात, पण ते नाव विसरलात तरी चालेल. तुमची पहिली ओळ पंचविसाच्या पुढे जाते. तिथेच दम लागतो.

सोळात बसवून बघा :

वीज गेली नि पाउस आला
रस्त्यावरती ओढा झाला
रिक्षावाला देवच ठरला
जो बाळा जो जो रे जो

'पाऊस'चा 'पाउस' मुद्दाम केला आहे. ऱ्हस्व केल्याने चार मात्रा होतात, आणि कवितेला ही सवलत पूर्वीपासून आहे.

जात्यावरची | बुधवार, सकाळी ६:१५

सर, दुसरी-तिसरी ओळ सुरेख. पहिली मी पहाटे म्हणून पाहिली आणि अडखळले. तुमच्या हिशेबात सोळा भरत असतील, पण टाळी चुकीच्या ठिकाणी पडते. 'वीज गे' असं अर्धवट तोडावं लागतं. टाळी 'गे'च्या पोटात बसते.

लगक्रम | बुधवार, सकाळी ७:४०

मावशी, कबूल. 'वीज' तीन मात्रांचा, पुढचा 'गे' दोनांचा. चौथी मात्रा 'गे'चा अर्धा तुकडा होते आणि दुसरी टाळी त्याच्या मधोमध येते. बेरीज बरोबर, फोड चूक. मी बेरजेवरच खूश झालो.

जात्यावरची | बुधवार, सकाळी ७:५५

मग 'लाइट गेली' करा ना. आत्याबाईंनी आधी लिहिलं तेव्हा लाइटच लिहिलं होतं. ला-इ-ट चार, गेली चार, पाउस चार, आला चार. प्रत्येक शब्दावर एक टाळी.

लगक्रम | बुधवार, सकाळी ८:२०

ताल बसतो, मान्य. पण पाळण्यात 'लाइट'? मराठी शब्द असताना?

जात्यावरची | बुधवार, सकाळी ८:२५

त्या रात्री घरात कोणी 'वीज गेली' असं ओरडलं असेल का? वीज म्हटलं की म्हाताऱ्या बायकांना वाटेल आभाळातली कडाडली, आणि ती गेली कशी?

लगक्रम | बुधवार, सकाळी ८:४०

मला पटलेलं नाही. पण आत्याबाईंचा पाळणा आहे.

आत्याबाई_जोशात | बुधवार, सकाळी १०:१०

सर, लाइटच ठेवते. वहिनीची आई त्या रात्री "लाइट गेली, आता काय गं करायचं" असंच म्हणत होती.

टाळ्या वाजवत वाजवत दुसरं कडवं केलंय. ऑफिसात टेबलावर बोटांनी वाजवत होते, शेजारच्याने विचारलं तबला शिकतेस का :

मोबाइलचा उजेड पडला
पहिला टाहो तेव्हा फुटला
आजोबांचा मफलर भिजला
जो बाळा जो जो रे जो

लगक्रम | बुधवार, सकाळी १०:३५

एकही टाळी अक्षर तोडत नाही. 'आजोबांचा'चे दोन तुकडे होतात, आजो आणि बांचा, पण अक्षराच्या सीमेवर. ते चालतं. आणि 'मफलर भिजला' हे तर फारच उत्तम. रडले असं कुठे म्हटलंच नाही.

ह्यूस्टनकर_वहिनी | बुधवार, सकाळी ११:००

आमच्या मुलाच्या बारशाला इथून आम्ही आणि तिकडून सासूबाई, असा व्हिडिओ कॉलवर पाळणा म्हटला. काय फजिती झाली! त्यांचा आवाज दोन-तीन सेकंद मागून येत होता. आम्ही दुसऱ्या ओळीवर, त्या पहिल्यावर. त्यांना वाटलं आम्ही घाई करतोय, म्हणून त्या आणखी सावकाश म्हणायला लागल्या, म्हणून आम्हीही थांबायला लागलो. शेवटी दोघीही बंद. तुमच्याकडे कोणी कॉलवर असेल तर त्यांचा आवाज बंदच ठेवा, त्यांनी आपापल्या घरात म्हणावं. 'जो जो' एकत्र म्हणता येत नाही, कितीही चांगलं नेट असलं तरी.

आत्याबाई_जोशात | बुधवार, सकाळी ११:२०

हे फार कामाचं. भावाचा मित्र दुबईहून कॉलवर असणार आहे आणि तो भसाडा गातो.

जात्यावरची | बुधवार, दुपारी ३:००

आत्याबाई, एक विचारायचं राहिलं. तुम्ही पाळणा कधी म्हणणार? नावाआधी की नंतर?

आत्याबाई_जोशात | बुधवार, दुपारी ३:३०

आमच्याकडे पाळण्यात आधी वरवंट्याला कुंची घालून निजवतात. मग बाळ पाळण्याखालून-वरून एकमेकींकडे देतात, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या". मग आत्या कानात कुर्र करते, सगळ्या तिच्या पाठीत धपके घालतात, आणि शेवटी पाळणा. पण वहिनीच्या माहेरी पाळणा आधी म्हणतात आणि नाव नंतर. बारसं त्यांच्या घरी आहे, म्हणजे त्यांच्या पद्धतीने होणार.

जात्यावरची | बुधवार, दुपारी ३:५०

मग पंचाईत आहे. शेवटच्या कडव्यात नाव गुंफलंत तर कानात सांगण्याआधीच ते गावभर झालं! माझ्या एका भाचेसुनेने हेच केलं होतं. सगळ्यांना छापील कागद वाटले, आणि आत्या कुर्र करायच्या आधी समोरच्या रांगेतली पोरं नाव ओरडून मोकळी झाली. आत्याबाई रुसून बसल्या.

शेवटचं कडवं वेगळं ठेवा. चार-पाच कडवी आधी म्हणायची, थांबायचं, कुर्र होऊ द्यायचं, आणि मग नावाचं कडवं. त्यांची पद्धतही राहिली आणि तुमचीही. कागदावर शेवटचं कडवं छापू नका. ते तुम्ही एकटीने म्हणा, लोक 'जो बाळा'ला साथ देतील.

अर्धीओवी | बुधवार, दुपारी ४:१५

मुलगी आहे तर "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत नाहीत. मुलीला नद्यांची नावं घ्यायची असतात.

बेळगावची_नात | बुधवार, दुपारी ४:४०

आमच्याकडे मुलगी असो की मुलगा, गोविंद-गोपाळच.

अर्धीओवी | बुधवार, दुपारी ४:४५

आमच्याकडे नाही.

आत्याबाई_जोशात | बुधवार, रात्री १०:००

नाव कडव्यात कसं बसवायचं हेच मला जमत नाहीये. पण नाव इथे लिहू शकत नाही. वहिनीची बहीण या संकेतस्थळावर आहे असा मला दाट संशय आहे. तिला अजून नाव सांगितलेलं नाही.

लगक्रम | बुधवार, रात्री १०:१५

नाव नकोच. अक्षरं किती आणि लघुगुरू कसे, एवढंच सांगा.

आत्याबाई_जोशात | बुधवार, रात्री १०:२५

तीन अक्षरं. पहिलं दीर्घासारखं, मधलं ऱ्हस्व, शेवटचं दीर्घ. 'राधिका'सारखं. (राधिका नाही.)

दिनूचे_बाबा | बुधवार, रात्री १०:२७

मंजिरी!

बेळगावची_नात | बुधवार, रात्री १०:२८

वैखरी? जान्हवी? कस्तुरी?

दिनूचे_बाबा | बुधवार, रात्री १०:३०

शाल्मली! मैथिली! माझी यादी आता उपयोगी पडतेय बघा.

आत्याबाई_जोशात | बुधवार, रात्री १०:३५

कोणालाही हो किंवा नाही म्हणणार नाही.

लगक्रम | बुधवार, रात्री ११:२०

हे नाव चार मात्रांच्या पाळण्यात बसवायला अवघड आहे, म्हणून तुम्ही अडकलात. पाच मात्रा होतात : दोन, एक, दोन. ओळीच्या सुरुवातीला ठेवलं तर 'राधि'पर्यंत तीन होतात आणि टाळी 'का'च्या मध्यावर पडते. 'नाव राधिका' केलंत तर बेरीज आठ येते, छान वाटतं, पण 'नाव'च्या तीन मात्रांनंतर 'रा' तुटतो. माझीच कालची 'वीज गेली'ची चूक.

उपाय असा : नावाच्या आधी दोन मात्रांचा एखादा शब्द आणि नंतर एक मात्रा. 'ही राधिकाच'. म्हणून बघा. ही-रा, एक टाळी. धि-का-च, दुसरी टाळी. कुठेच काही तुटत नाही. 'ही' आणि 'च' भरतीला घातलेत असं वाटतही नाही, कारण 'हीच ती' असा अर्थ त्यातून निघतो. पुढे दोन टाळ्या उरल्या, त्यात काय घालायचं ते नावाच्या अर्थावरून तुम्ही ठरवा.

आत्याबाई_जोशात | गुरुवार, पहाटे १२:१०

सर!! 'ही राधिकाच दारी आली'. बसलं! आणि खऱ्या नावाने तर अर्थही बसतो, तो बारशानंतर सांगते. आता झोप येणार नाही.

आत्याबाई_जोशात | गुरुवार, सकाळी ८:३०

रात्रीत दोन कडवी झाली.

पणजीचे गं जुनेर लुगडे
शिवले त्याचे सतरा तुकडे
चिमणे पाउल तरिही उघडे
जो बाळा जो जो रे जो

म्हणते आजी नाकच माझे
दुसरी म्हणते डोळे माझे
आत्या म्हणते रडणे माझे
जो बाळा जो जो रे जो

तुकडे मी खरंच मोजले, वहिनीला व्हिडिओ करायला लावून. सतरा आहेत.

जात्यावरची | गुरुवार, सकाळी ८:५०

'रडणे माझे'ला हशा येणार, तिथे थांबायची तयारी ठेवा. घाईने 'जो बाळा' सुरू केलंत तर हशात बुडेल.

'पणजीचे गं'मधला 'गं' काढा. तो मात्रा भरायला आलाय, ऐकू येतं. 'पणजीचे ते' करा, ते लुगडं डोळ्यासमोर येतं.

आणि रागावू नका, पण एक बघा. रिक्षावाला आला, आजोबा आले, पणजी, दोन्ही आज्या, आत्या, सगळे आले. जिने नऊ महिने पोटात वाढवलं ती कुठे आहे तुमच्या पाळण्यात?

आत्याबाई_जोशात | गुरुवार, सकाळी ९:१५

देवा. वहिनीच नाही. आणि दादाही नाही.

बेळगावची_नात | गुरुवार, सकाळी ९:४०

हे बहुतेक ठिकाणी होतं. माझ्या मुलीच्या बारशाला नणंदेने केलेल्या पाळण्यात माझं नाव एकदाही नव्हतं. छान होता पाळणा. मी मात्र रात्री मोजत बसले कोण कोण आलंय ते.

आत्याबाई_जोशात | गुरुवार, दुपारी २:००

वहिनीला फोन केला, नुसतं विचारलं दिवस कसा जातो. म्हणाली, "पावसाने दुपटी वाळत नाहीत. खुर्च्यांवर, दारांवर, देव्हाऱ्याच्या वरसुद्धा दुपटी आहेत. रात्री दोनदा उठते आणि तिसऱ्यांदा झोपच लागत नाही."

दुपटी घरभर वाळत पडली
आईची तर झोपच उडली
बाबाची पण मिजास जिरली
जो बाळा जो जो रे जो

लगक्रम | गुरुवार, दुपारी २:३०

'जिरली'चं यमक पहिल्या दोघींइतकं घट्ट नाही. पडली-उडलीला 'अडली' हवी होती. पण ही ओळ बदलू नका.

दिनूचे_बाबा | गुरुवार, दुपारी २:४५

या कडव्याला माझा वैयक्तिक पाठिंबा. दिनूच्या वेळी माझीही जिरली होती.

आत्याबाई_जोशात | गुरुवार, रात्री ९:३०

आता नावाचं कडवं. शेवटची ओळ सरांची. पहिल्या दोन :

कानामध्ये कुजबुज झाली
धपके खाउन आत्या ____

'आली'शी जुळणारं हवं. 'आत्या न्हाली' होत नाही, 'आत्या प्याली' तर नकोच.

जात्यावरची | शुक्रवार, सकाळी ६:१०

'धाली'. आत्या धाली. पोटभर जेवून तृप्त झालं की आमची आजी म्हणायची, "धाले हो मी." धपके खाऊन धाली, म्हणजे पोट भरलं तिचं. तरुण मुलींना कळणार नाही कदाचित, पण म्हाताऱ्या हसतील, आणि मग मुली विचारतील.

लगक्रम | शुक्रवार, सकाळी ७:००

मावशी, हा शब्द मला तीस वर्षांत शिकवायला मिळाला नाही. नमस्कार.

अर्धीओवी | शुक्रवार, सकाळी १०:००

सगळं ठीक. पण मुलगी आहे तर 'जो बाळा' कसं? 'जो बाळे' हवं.

जात्यावरची | शुक्रवार, सकाळी १०:२०

बाळ ते बाळ. मी मुलींनाही बाळाच म्हणते.

बेळगावची_नात | शुक्रवार, सकाळी १०:३५

मात्रा सारख्याच आहेत ना? मग ज्याला जे हवं ते म्हणा.

अर्धीओवी | शुक्रवार, सकाळी १०:४०

पंचवीस बायकांपैकी निम्म्या बाळा म्हणतील आणि निम्म्या बाळे. कसं वाटेल ते?

जात्यावरची | शुक्रवार, सकाळी ११:३०

आत्याबाई, शेवटचं सांगते. तुम्ही आता पाळणा शंभरदा म्हटलाय, तुम्हाला तो कुठेही अडखळणार नाही. म्हणून ज्याने पाहिलेला नाही अशा कोणाच्या तरी हातात कागद द्या आणि म्हणायला सांगा. पहिल्या फटक्यात जिथे अडेल तिथे तीस बायका अडतील. अक्षर मोठं छापा, आज्या चष्मा पिशवीत ठेवतात.

आत्याबाई_जोशात | शनिवार, रात्री ८:१५

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना कागद दिला. 'मोबाइलचा' एकदा मोबा-इलचा असं तुटलं, मग लगेच चाल सापडली. बाकी सरळ. त्यांनी शेवटी विचारलं, "रिक्षावाल्याला बोलावलंय का बारशाला?" आम्हाला कोणाला सुचलंच नव्हतं. लगेच फोन केला.

आत्याबाई_जोशात | आठ दिवसांनी, रविवार, रात्री ११:३०

झालं बारसं! आत्ता गाडीत बसून लिहितेय, पाठ दुखतेय.

पाच कडवी सगळ्यांनी म्हटली. 'रिक्षावाला देवच ठरला'ला सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. ते काका दाराशी घुगऱ्यांची वाटी घेऊन उभे होते, लाजून चप्पल शोधायला लागले. 'मफलर भिजला'ला आजोबांनी मफलर काढून खिशात कोंबला. 'रडणे माझे'ला मावशी म्हणाल्या तसं थांबले, आणि त्याच क्षणी बाळ रडलं. 'मिजास जिरली'ला वहिनी इतकी हसली की दादाने तिला पाणी आणून दिलं.

मग कुर्र. नऊ धपके मोजले, दोन वहिनीच्या मामीचे, ते खरे होते. आणि मग एकटीने :

कानामध्ये कुजबुज झाली
धपके खाउन आत्या धाली
ही शर्वरीच दारी आली
जो बाळा जो जो रे जो

आता सांगते अर्थ. लाइट गेलेल्या रात्री आली, म्हणून शर्वरी.

अर्धीओवी | सोमवार, सकाळी ९:००

छान. शर्वरी म्हणजे पार्वती, शंकराची पत्नी. देवीचं नाव ठेवलंत ते उत्तम.

लगक्रम | सोमवार, सकाळी ९:२०

ती शर्वाणी. शर्व म्हणजे शंकर, त्याची शर्वाणी. शर्वरी म्हणजे रात्र, अमरकोशात रात्रीच्या नावांत आहे. आणि 'शर्'वर आघात आहे म्हणून तो गुरू, नाहीतर आमचं सगळं गणित फसलं असतं.

दिनूचे_बाबा | सोमवार, सकाळी ९:३५

माझ्या यादीत होतं हे नाव. एकशे त्र्याहत्तरावं. सांगायचं राहिलं.

जात्यावरची | सोमवार, सकाळी १०:००

'धाली'ला कोणी हसलं का?

आत्याबाई_जोशात | सोमवार, सकाळी १०:१५

वहिनीची आजी. बाकी कोणाला कळलं नाही. ती मात्र थांबेचना, "धाली हो धाली" म्हणत राहिली. नंतर मला जवळ बोलावून म्हणाली, हा शब्द तू कुठून आणलास? मी म्हटलं, एका मावशींकडून.

पावसाळी_पागोळी | सोमवार, दुपारी १२:४०

ताई, नमस्कार. मी पहिल्यांदाच लिहितेय इथे. मी वहिनीची बहीण. सोमवारी रात्रीपासून वाचत होते, 'राधिकासारखं' वाचल्यावर तर झोपच लागली नाही. मी कस्तुरी धरून चालले होते आणि त्या नावाची चांदीची वाटीसुद्धा कोरून घेतली. आता ती वाटी कोणाला द्यायची ते सांगा.

आणि हो, आम्ही मागच्या रांगेतल्या 'बाळे' म्हणत होतो.